‘मेनी’ कधी भारदस्त होतो?

इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला विचारा, ‘हाऊ मेनी पीपल केम?’ किती लोक आले? पुष्कळ आले असतील तर तो ‘लॉट्स’ म्हणेल, ‘अ लॉट’ म्हणेल, कदाचित ‘प्लेन्टी’ म्हणेल. नुसतं ‘मेनी’ सहसा म्हणणार नाही. म्हणालाच तर ऐकणाऱ्याला ते कोर्टातल्या साक्षीसारखं वाटेल. फारसे लोक आले नसतील तर मात्र तोच माणूस अगदी सहज ‘नॉट मेनी’ म्हणून मोकळा होईल. पावसाबद्दल विचारलं, ‘हाऊ मच रेन डिड यू गेट?’, तर ‘अ लॉट’ किंवा ‘नॉट मच’ ही दोन्ही उत्तरं रोजची आहेत. ‘मच’ एवढंच उत्तर मात्र कुणीच देत नाही.

एका शब्दाच्या या उत्तरांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे, कारण आपल्याकडे शिकवला जाणारा नियम इथे अपुरा पडतो. शाळेत आपण शिकलो ते असं: मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘मेनी’, न मोजता येणाऱ्यांना ‘मच’, आणि ‘अ लॉट ऑफ’ दोन्हींना चालतं. नियम खरा आहे. पुढे कुणीतरी आणखी सांगतं की ‘अ लॉट ऑफ’ आणि ‘लॉट्स ऑफ’ बोलण्यातले, ‘मेनी’ आणि ‘मच’ लिहिण्यातले. म्हणून निबंधात, अर्जात, मुलाखतीत ‘मेनी’ वापरा. हे अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या नियमामुळेच आपली बरीच इंग्रजी वाक्यं व्याकरणात बसूनही कानाला खटकतात.

‘आय हॅव मच वर्क टुडे.’ ‘ही हॅज मच मनी.’ ही वाक्यं आपल्याकडच्या कार्यालयांत रोज ऐकू येतात. तर्खडकरी भाषांतर पाठमालेच्या वाटेने, म्हणजे मराठी वाक्य समोर ठेवून शब्दाला शब्द शोधत, इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना यात काही वावगं वाटत नाही. ‘मला आज पुष्कळ काम आहे’ या वाक्यातल्या ‘पुष्कळ’च्या जागी ‘मच’ बसवला, झालं. काम मोजता येत नाही, तेव्हा ‘मच’च हवा, तर्क बिनचूक आहे. पण इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस हे वाक्य बोलत नाही. तो म्हणतो, ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क टुडे.’ आणि त्याच माणसाला काम कमी असेल तर तो म्हणतो, ‘आय डोन्ट हॅव मच वर्क टुडे.’ इथे ‘मच’ त्याच्या तोंडी अगदी घरगुती आहे.

म्हणजे औपचारिकपणा नुसता शब्दात नसतो. वाक्य होकारी आहे, नकारी आहे की प्रश्नार्थक आहे, यावर तो ठरतो. नकारात आणि प्रश्नात ‘मेनी’ आणि ‘मच’ हे सगळ्यांचे, सगळ्या प्रसंगांचे शब्द आहेत. ‘डू यू हॅव मेनी कझिन्स?’ हे मूलही विचारतं. ‘देअर इझन्ट मच मिल्क’ हे स्वयंपाकघरातलं वाक्य आहे. साधं होकारी वाक्य आलं की मात्र हे दोघे वर सरकतात. ‘आय हॅव मेनी कझिन्स’ चालतं, पण थोडं नीटनेटकं वाटतं. गप्पांमध्ये ‘अ लॉट ऑफ कझिन्स’ किंवा ‘लॉट्स ऑफ कझिन्स’ जास्त सहज येतं. ‘मच’ तर होकारात ‘मेनी’पेक्षाही अवघडतो. ‘वी ड्रँक मच टी’ हे वाक्य आज लेखनातसुद्धा विचित्र वाटेल.

१९९९मध्ये डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोललेल्या आणि लिहिलेल्या इंग्रजीचं एक मोठं व्याकरण प्रसिद्ध केलं. सुमारे चार कोटी शब्दांचा मजकूर जमवून त्यांनी गप्पा, कथा-कादंबऱ्या, वर्तमानपत्रं आणि अभ्यासलेखन यांची तुलना केली. ‘अ लॉट ऑफ’ आणि ‘लॉट्स ऑफ’ गप्पांमध्ये जागोजागी सापडतात आणि अभ्यासलेखनात क्वचित, हे त्यात दिसलंच. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की गप्पांमध्येही ‘मेनी’ आणि ‘मच’ असतात. फक्त ते बहुतेक वेळा नकाराच्या किंवा प्रश्नाच्या सोबतीने येतात.

होकारातही त्यांना एक मोकळी वाट आहे. ‘टू’, ‘सो’ किंवा ‘अ‍ॅज’ पुढे लागला की ते पुन्हा रोजच्या बोलण्यात उतरतात. आमटी खारट झाली तर ‘टू मच सॉल्ट’ म्हणतात. ‘टू अ लॉट ऑफ सॉल्ट’ असं इंग्रजीत होतच नाही. गर्दी पाहून ‘सो मेनी पीपल!’ असं कुणीही उद्गारतं. तेव्हा ‘मेनी’ला सरसकट कागदावरचा शब्द ठरवणं चूक आहे.

हे सगळं लहान वाक्यात जास्त का जाणवतं, तेही पाहू. वीस शब्दांच्या वाक्यात एखादा शब्द थोडा जड किंवा हलका पडला, तर बाकीचे शब्द त्याला सांभाळून घेतात. तीन शब्दांच्या वाक्यात आधाराला कुणी नसतं. ‘मेनी डिसअ‍ॅग्री’ हे दोन शब्दांचं पूर्ण वाक्य आहे. इथे ‘मेनी’ एकटाच कर्ता होऊन उभा आहे. पुढे ‘पीपल’सुद्धा नाही. असा एकटा ‘मेनी’ अग्रलेखात, अहवालात, बातमीत शोभतो. अपघाताच्या बातमीवर ‘मेनी फिअर्ड डेड’ असा मथळा इंग्रजी वर्तमानपत्रांत आपण वाचतो, तो याच घडणीचा. चहाच्या टपरीवर मित्राला तेच सांगायचं तर ‘अ लॉट ऑफ पीपल डोन्ट अ‍ॅग्री’ असं वाक्य होईल. तीन बदल एकदम झाले: ‘मेनी’ गेला, ‘पीपल’ आला आणि ‘डिसअ‍ॅग्री’च्या जागी ‘डोन्ट अ‍ॅग्री’ बसलं. वाक्याचा पोशाख बदलायचा तर असा सगळाच बदलावा लागतो. ‘लॉट्स ऑफ इन्डिव्हिज्युअल्स डिसअ‍ॅग्री’ म्हटलं तर वर कोट आणि खाली लुंगी असं काहीतरी होतं.

‘मच’लाही वाक्याच्या सुरुवातीची जागा मानवते. ‘मच हॅज चेंज्ड’, म्हणजे पुष्कळ काही बदललं आहे, हे लेखनातलं छान वाक्य आहे. तोच ‘मच’ क्रियापदाच्या मागे कर्म म्हणून टाका, ‘वी चेंज्ड मच’, की वाक्य लंगडतं. गप्पांत ‘अ लॉट हॅज चेंज्ड’ आणि ‘वी चेंज्ड अ लॉट’ ही दोन्ही बिनदिक्कत चालतात.

आता ‘अ लॉट ऑफ’कडे येऊ. मराठी माणसाची सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथे आहे: सुरुवातीचा ‘अ’ गळतो. ‘देअर आर लॉट ऑफ प्रॉब्लेम्स.’ पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांतल्या बैठकांतही हे वाक्य सर्रास ऐकू येतं. याची दोन कारणं मला दिसतात. मराठीत असा ‘अ’ नसतो, त्यामुळे तो आपल्याला फालतू वाटतो. आणि इंग्रजी बोलणारे लोक तो इतका पुसट उच्चारतात की त्यांच्या घाईच्या बोलण्यात सगळं मिळून ‘अलॉटा’ एवढंच ऐकू येतं. कानाला पकडता आला नाही तो जिभेवरही येत नाही. पण इंग्रजीत पर्याय दोनच आहेत: एकतर ‘अ लॉट ऑफ’, नाहीतर ‘लॉट्स ऑफ’. मधला ‘लॉट ऑफ’ प्रमाण इंग्रजीत नाही, ना बोलण्यात ना लिहिण्यात. लिहिताना ‘अ’ आणि ‘लॉट’ हे दोन शब्द सुटे ठेवायचे असतात. जोडून लिहिणं ही इंग्रजांच्या मुलांचीही नेहमीची चूक आहे. ‘लॉट्स ऑफ’ हा ‘अ लॉट ऑफ’पेक्षा किंचित जास्त सैल, जास्त उत्साही वाटतो. अर्थात फरक नाही.

‘लॉट’ हा शब्द आपल्याला परका नाही. कापडाच्या दुकानात ‘नव्या लॉटमधला माल’ आपण म्हणतोच. मूळ जुन्या इंग्रजीत तो चिठ्ठी टाकण्यासाठी वापरायच्या लाकडाच्या तुकड्याचा शब्द होता. त्यावरून नशिबाने आलेला वाटा, मग लिलावातला एकत्र मांडलेला मालाचा गट, आणि शेवटी नुसतंच ‘पुष्कळ’. हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. क्रियापद एकवचनी घ्यायचं की अनेकवचनी, हा गोंधळ त्याने सुटतो.

लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव चालू आहे असं धरा. ‘अ लॉट ऑफ अनियन्स वॉझ सोल्ड’ म्हटलं, तर कांद्याचा एक लॉट विकला गेला, म्हणजे एक ढीग किंवा एका गाडीतला माल. इथे ‘लॉट’ ही खरीखुरी वस्तू आहे, ती एक आहे, म्हणून क्रियापद एकवचनी. ‘अ लॉट ऑफ अनियन्स वेअर सोल्ड’ म्हटलं, तर पुष्कळ कांदे विकले गेले. इथे ‘लॉट’ वस्तू राहिलेली नाही, तो फक्त प्रमाण सांगतो आणि क्रियापद कांद्यांकडे पाहून ठरतं. रोजच्या इंग्रजीत हा दुसरा अर्थच असतो. म्हणून ‘ऑफ’च्या पुढचं नाम पाहायचं: ‘अ लॉट ऑफ पीपल आर वेटिंग’, पण ‘अ लॉट ऑफ मिल्क इझ वेस्टेड’. ‘लॉट्स’ला शेवटी ‘स’ आहे म्हणून फसायचं नाही. दूध एकवचनी, तेव्हा ‘लॉट्स ऑफ मिल्क इझ वेस्टेड’ हेच बरोबर. गप्पांत इंग्रज माणूस ‘देअर्झ लॉट्स ऑफ पीपल’ असंही बोलतो, एकवचनी क्रियापदाने. ऐकून ओळखावं, पण अर्जात लिहू नये.

‘प्लेन्टी ऑफ’ या तिघांपेक्षा वेगळा आहे आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. शब्दकोशात त्याच्यापुढेही ‘पुष्कळ’ असतं, पण त्याच्या पोटात ‘पुरून उरेल इतकं’ हा अर्थ आहे. आपल्या ‘भरपूर’च्या तो जवळ जातो. ‘वी हॅव अ लॉट ऑफ टाइम’ म्हणजे आपल्याकडे पुष्कळ वेळ आहे. ‘वी हॅव प्लेन्टी ऑफ टाइम’ म्हणजे घाई करू नका, गाडी चुकणार नाही. पाहुण्याने ताटाकडे पाहून संकोच केला, तर यजमानीण ‘देअर्झ प्लेन्टी’ म्हणते. आणखी घ्या, कमी पडणार नाही, हा दिलासा त्या एका शब्दात असतो.

म्हणूनच नको असलेल्या गोष्टींना तो जपून लावावा. पुराच्या अहवालात ‘प्लेन्टी ऑफ पीपल वेअर इन्जर्ड’ असं लिहिलं, तर जखमींचा काही तुटवडा नव्हता असा भलताच सूर लागतो. तिथे ‘मेनी’ हवा. तसंच नकारात ‘प्लेन्टी’ बसत नाही. ‘वी डोन्ट हॅव प्लेन्टी ऑफ वॉटर’ असं सहसा कुणी म्हणत नाही; ‘वी डोन्ट हॅव मच वॉटर’ किंवा ‘इनफ वॉटर’ म्हणतात. औपचारिकपणाच्या मापात तो ‘अ लॉट ऑफ’च्याच बाजूचा, बोलीतला. मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या दोन्हींना तो चालतो.

आता हे एका प्रसंगात लावून पाहू. समजा, शिरोळ तालुक्यातल्या एका गावात वाचनालयात पुराचं पाणी शिरलं. वाचनालय सांभाळणारी तरुण मुलगी दोन ठिकाणी इंग्रजीत लिहिते: एक निरोप इंग्लंडमध्ये वाढलेल्या मावसबहिणीला, दुसरं पत्र मदत देणाऱ्या परदेशी संस्थेला. बहिणीला ती लिहिते: ‘लॉट्स ऑफ वॉटर केम इन. वी लॉस्ट अ लॉट ऑफ बुक्स. अ लॉट ऑफ फर्निचर गॉट रुइन्ड. प्लेन्टी ऑफ पीपल हेल्प्ड. वी डोन्ट हॅव मच मनी.’ पाच छोटी वाक्यं, पाचही उत्तम. बहिणीला ती बोलल्यासारखीच वाटतील.

संस्थेच्या पत्रासाठी ती ‘लॉट’ दिसेल तिथे ‘मेनी’ नाहीतर ‘मच’ घालत गेली, तर पहिलंच वाक्य ‘मच वॉटर केम इन’ होईल, आणि ते जुन्या धर्मग्रंथातलं वाटेल. इथे प्रमाणाचा शब्दच काढून टाकणं उत्तम. ‘द वॉटर रोझ टू थ्री फीट’, पाणी तीन फूट चढलं. औपचारिक लेखनात ‘पुष्कळ’ची सगळ्यात चांगली जागा आकडा घेतो, आणि आकडा माहीत असताना ‘मेनी’ लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याला अंधारात ठेवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं वाक्य सोपं आहे: ‘वी लॉस्ट मेनी बुक्स.’ पुस्तकं मोजता येतात, वाक्य होकारी आहे, पत्र औपचारिक आहे. ‘मेनी’ इथे शोभतो. आपल्याच संग्रहातली पुष्कळ, असं म्हणायचं तर ‘मेनी ऑफ अवर बुक्स’. ‘ऑफ’ आला की त्यापाठोपाठ ‘अवर’, ‘द’, ‘दीज’ असं काहीतरी यावंच लागतं. ‘मेनी ऑफ बुक्स’ होत नाही. ‘अ लॉट ऑफ बुक्स’ बोलून बोलून ही चूक होते, कारण तिथला ‘ऑफ’ कायमचा चिकटलेला असतो.

तिसऱ्या वाक्यात खड्डा आहे. ‘मेनी फर्निचर्स’ असं आपल्याकडे हमखास लिहिलं जातं. टेबल मोजता येतं, खुर्ची मोजता येते, पण ‘फर्निचर’ हा शब्द इंग्रजीत न मोजता येणारा आहे. ‘इन्फर्मेशन’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘अ‍ॅडव्हाइस’ त्याच्याच पंगतीतले. बोलताना ‘अ लॉट ऑफ’ ही अडचण झाकून टाकतो, कारण तो दोन्हींना चालतो. औपचारिक लिहायला बसलं की ती उघडी पडते. शंका आली तर एक करून पाहावं: शब्दाच्या आधी ‘टू’ म्हणजे दोन हा आकडा लावावा. ‘टू बुक्स’ होतं, ‘टू फर्निचर्स’ होत नाही. तेव्हा ‘मच फर्निचर वॉझ डॅमेज्ड’ व्याकरणाने बरोबर, पण जरा ताठ. ‘मच ऑफ द फर्निचर वॉझ डॅमेज्ड’ अधिक चांगलं, बरंचसं फर्निचर खराब झालं. ‘अ ग्रेट डील ऑफ फर्निचर’ हाही चालणारा पर्याय, पण तो न मोजता येणाऱ्यांसाठीच राखून ठेवावा. माणसांना आणि पुस्तकांना ‘अ लार्ज नंबर ऑफ’ लागतो.

चौथं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘प्लेन्टी ऑफ पीपल हेल्प्ड’ बहिणीला लिहिलं तर गावाचं कौतुक होतं. मदत मागणाऱ्या पत्रात तेच वाक्य गेलं, तर वाचणारा सहज समजेल की मदत पुरेशी मिळाली आहे. ‘मेनी व्हिलेजर्स हेल्प्ड’ लिहिलं की गावकरी पुष्कळ आले एवढंच कळतं. गरज भागली की नाही, यावर ते काही बोलत नाही.

पाचव्या वाक्यातला ‘मच’ आहे तिथेच राहू द्यायचा. नकारी वाक्य आहे, ‘मच’ दोन्हीकडे चालतो. फक्त ‘डोन्ट’ उलगडून ‘डू नॉट’ करायचं: ‘वी डू नॉट हॅव मच मनी.’ पैशांबद्दल आणखी अदबीने लिहायचं तर ‘अवर फंड्स आर लिमिटेड’. तिथेही प्रमाणाचा शब्द गळूनच गेला.

दुरुस्तीला किती काळ लागेल, हेही तिला लिहावं लागेल. दिवस, आठवडे, मैल अशा मापाच्या शब्दांपुढे ‘अ लॉट ऑफ’ आणि ‘प्लेन्टी ऑफ’ इंग्रजीत सहसा येत नाहीत. बोलतानाही ‘इट विल टेक अ लॉट ऑफ वीक्स’ कानाला लागतं. इथे ‘मेनी वीक्स’ होकारात असूनही जड वाटत नाही, आणि अंदाज असेल तर ‘सेव्हरल वीक्स’ त्याहून बरं.

राहिला समारोप. बहिणीला ‘थँक्स अ लॉट’ लिहिलं तर त्यात जिव्हाळा आहे. अनोळखी माणसाला मात्र ते टाळावं, कारण चिडलेल्या सुरात हेच शब्द ‘फार उपकार झाले’ असा टोमणाही होतात आणि कागदावर सूर ऐकू येत नाही. संस्थेच्या पत्राखाली ‘मेनी थँक्स’ चालेल. तिथला ‘मेनी’ होकारी असूनही वर्षानुवर्षांच्या वापराने मऊ झाला आहे. ‘थँक यू व्हेरी मच’ त्याहून निर्धोक, कारण तो कुठल्याही पत्राखाली, कुठल्याही वयाच्या माणसाला लिहिता येतो.